शटर काउंटच्या पलीकडे

वाशीममध्ये बसून जुना कॅमेरा घ्यायचा तर विकणारा बहुधा अकोल्यात, अमरावतीत नाहीतर नागपुरात असतो आणि सौदा मोबाइलवर आलेल्या चार फोटोंवर ठरतो. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘शटर किती झालंय?’ प्रश्न चुकीचा नाही, पण लग्नाच्या कामातून आलेल्या बॉडीबाबत तो अपुरा आहे. हा आकडा कॅमेऱ्याचं अर्धंच काम मोजतो. उरलेलं अर्धं त्या चार फोटोंत दिसतं, फक्त ते नीट पाहावे लागतात.

निकॉनचा डी७५० घ्या. २०१४ साली आलेला हा फुल फ्रेम डीएसएलआर लग्नाच्या कामात चांगलाच रुळला. तीन वर्षांनी डी७५०० आला. नावात फक्त एक शून्य जास्त, पण सेन्सर लहान आणि कार्डाची खाच एकच. दोन्हींना पॉप-अप फ्लॅश आहे, दोन्हींचा पडदा बाहेर ओढून तिरपा होतो. त्यामुळे लांबून काढलेल्या अंधूक फोटोत गल्लत होणं सोपं. म्हणून उजव्या बाजूचं कार्डाचं झाकण उघडून फोटो मागवावा. दोन खाचा दिसल्या तर डी७५०, एकच दिसली तर डी७५००. पडदा बॉडीला घट्ट बसवलेला असेल तर तो जुना डी६१० असू शकतो. पॉप-अप फ्लॅशच नसेल तर तो नंतरचा डी७८० असण्याची शक्यता धरावी. सोनीच्या मिररलेसमध्ये ए७ २ आणि ए७ ३ ओळखायला मागची बाजू पाहावी. बोटाने फिरवायची छोटी जॉयस्टिक फक्त तिसऱ्यात आहे.

आता झीज. समजा, डी७५०च्या जाहिरातीत शटर ३० हजार लिहिलंय. निकॉनने या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत केलेली आहे, म्हणजे आकडा मोहात पाडणाराच. पण फोटोत हॉट शूच्या दोन्ही कडांचा काळा रंग उडून धातू चमकतोय, तळाला ट्रायपॉडच्या भोकाभोवती गोल ओरखडे आहेत आणि माइकच्या पोर्टचं रबरी झाकण सैल लोंबतंय. हा कॅमेरा बहुतेक व्हिडिओवर राबला आहे. हॉट शूवर ट्रिगर, माइक नाहीतर लाइट रोज चढत-उतरत होता. व्हिडिओत शटर उघडंच राहतं, त्यामुळे अर्धा तास शूटिंग केलं तरी काउंट जेमतेम हलतो. सेन्सर मात्र तेवढा वेळ तापत राहतो आणि पोर्ट ओढाताण सोसत राहतात. मिररलेसमध्ये सायलेंट शटरचंही तेच. यांत्रिक पडदा हलतच नाही.

यावर कोणी म्हणेल, बाहेरची झीज फसवी असते. रबर नवं लावता येतं आणि ओरखडे पडलेला कॅमेराही ठणठणीत चालतो. दोन्ही खरं आहे. म्हणून एकेका डागावर न जाता सगळ्या खुणांचा मेळ बसतो का, ते पाहावं. ग्रिपचं रबर कोरं करकरीत आणि मोड डायलवरची अक्षरं पुसलेली, असं असेल तर रबर बदललंय. तळाच्या स्क्रूंच्या खाचा चुरडलेल्या असतील तर कॅमेरा कुणीतरी उघडलाय. उघडणं हा गुन्हा नव्हे. उलट डी७५०च्या काही बॉडींच्या शटरमध्ये दोष असल्याचं निकॉनने २०१५मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. त्यात फोटोच्या एका भागावर काळसर सावली पडायची. पुढे त्या यादीत आणखी बॉडी आल्या. त्यामुळे तळाचा सीरियल नंबर मागून घ्यावा आणि शटर बदललं असेल तर त्याचं बिलही. डायलच्या खोबणीत अडकलेली हळद किंवा गुलाल मात्र मनावर घेऊ नये. तो ब्रशने निघतो.

फोटो जे दाखवत नाहीत ते मूळ फाइल दाखवते. आजच काढलेली एक फाइल मागवा, पण व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवली की आतली माहिती गळून पडते. निकॉनची फाइल असेल तर संगणकावर ही आज्ञा काउंट सांगते:

```
exiftool -ShutterCount DSC_0421.NEF
```

कॅननच्या बहुतेक मॉडेलांच्या फाइलमध्ये हा आकडा नसतो, तिथे विक्रेत्याच्या शब्दावर किंवा सर्व्हिस सेंटरवर विसंबावं लागतं. दुसरी फाइल एफ १६वर काढलेल्या मोकळ्या आभाळाची हवी. त्यात मऊ कडांचे करडे ठिपके दिसले तर ती धूळ आहे, साफ होते. पण चित्रभर आडवी-उभी सरळ रेघ किंवा रंगीत ठिपक्यांची ओळ दिसली तर थांबा. वरातीतल्या डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये शिरला की सेन्सर असा जळतो, आणि व्हिडिओ चालू असताना सेन्सर उघडाच असतो. ही जखम साफसफाईने जात नाही, सेन्सर बदलावा लागतो आणि जुन्या बॉडीवर तो खर्च परवडत नाही.

या दोन फाइल पाठवायला विकणारा का-कू करत असेल, तर टोकनचे पैसे पाठवू नका.