फोनच्या आधीची यादी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत घरांना कुलपं लागू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टर आणि ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या, काही कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, असा तिथला हिशेब. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर. बरोबर गेलेल्या मुलाची शाळा मध्येच सुटते. ती सुटू नये म्हणून गावातच मुलांना सहा महिने ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं चालतात. काही सरकारी योजनेतून, काही संस्थांच्या देणग्यांवर.

अशा एखाद्या शाळेने मदतीसाठी अडीच मिनिटांचा व्हिडिओ करायचं ठरवलं, तर पहिली संहिता जवळजवळ नेहमी सारखीच येते. निघणारा ट्रक. मागे धावणारी मुलगी. तिच्या डोळ्यांचा क्लोजअप, गती संथ, बासरी. मग निवेदक विचारतो, ‘हिचा काय दोष?’ शेवटी बँकेचा खातेक्रमांक. मी संस्थांसाठी संहिता लिहितो आणि सुरुवातीच्या काळात मीही हेच लिहिलं आहे. त्यातला एकही प्रसंग खोटा नव्हता. तरी ते लिहायला नको होतं, असं आज मला ठामपणे वाटतं.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी, ती म्हणजे रडवेल्या चेहऱ्याने पैसे येतात. डेबोरा स्मॉल आणि निकोल वेरोकी या अभ्यासकांनी २००९मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. आवाहनावर दुःखी चेहऱ्याचं मूल असेल, तर हसऱ्या किंवा भावहीन चेहऱ्यापेक्षा लोक जास्त देतात. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाब सहसा कोणी सांगत नाही. पाहणारा थोडा विचार करू लागला की हा परिणाम ओसरतो. चेहऱ्यावरचं दुःख क्षणभर आपल्याला लागतं आणि त्या क्षणात हात खिशाकडे जातो. वसतिगृहाला मात्र दर नोव्हेंबरला पुन्हा धान्य भरायचं असतं. त्याला क्षणभराचा नाही, दरवर्षीचा देणगीदार लागतो.

त्याआधी, २००७मध्ये, स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांनी आणखी एक प्रयोग केला होता. प्रत्येकाच्या हातात पाच डॉलर होते. काहींना रोकिया नावाच्या माली देशातल्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकडेवारीसाठी १.१४. रोकियाबरोबर आकडेवारीही जोडली, तेव्हा रक्कम १.४३वर उतरली. म्हणजे माणसाचं मन एका माणसाशी जोडलं जातं, आकड्यांशी नाही. संहिता लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे अनुभवाने ठाऊक असतं. पण त्यातून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढतो, की तो एक माणूस म्हणजे मूलच असलं पाहिजे.

तसं काही नाही. वसतिगृहात पहाटे पाचला चूल पेटवणारी मावशी आहे. ती प्रौढ आहे. आपण कशाला होकार देतोय हे तिला कळतं, आणि नको असेल तेव्हा ती ‘नको’ म्हणू शकते. दहा वर्षांच्या मुलीची अवस्था वेगळी असते. तिचे आईवडील संमतीपत्रावर अंगठा उमटवतात, पण त्याच संस्थेच्या हातात त्यांच्या लेकीची जागा असते. नाही म्हटलं तर पुढच्या हंगामात घेतील का, ही भीती त्या अंगठ्याखाली दबलेली असते. कागदावर ती संमतीच दिसते.

म्हणून संहिता मावशीपासून सुरू करू. शाळा, माणसं आणि पुढचे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत, कामाची पद्धत मात्र खरी आहे.

पडदा अंधारा. ताटांचा आवाज. मग चुलीच्या उजेडात दिसणारे हात, एकेक ताट मांडताना. मावशीचा आवाज: ‘एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. काल अठ्ठावीस होती. ट्रॅक्टर निघाला की ताटं वाढतात माझ्याकडे.’ एवढ्यात वीस सेकंद जातात. स्थलांतर सांगून झालं, ट्रक दाखवावा लागला नाही, आणि आकडासुद्धा आला, पण ताटांच्या रूपात. अडीच मिनिटांत निवेदन दोनशे शब्दांवर जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम. म्हणून एका वाक्याने दोन कामं करणं भाग असतं.

पुढची चाळीस सेकंदं एका वडिलांना द्यायची. उसाच्या फडात चित्रीकरण करणं अवघड असतं, पण फोनवरचा आवाज पुरतो. चित्रात वसतिगृहाच्या भिंतीवरची चटयांची चळत, वाळत घातलेले गणवेश. आवाज वडिलांचा: ‘बरोबर नेलं की पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळत बसती. इथं ठेवली तर पाचवी पुरी होईल.’ ही वाक्यं गाळली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. बघणाऱ्याच्या मनात आईबाप गुन्हेगार होतात, ‘टाकून गेले’ असे शब्द निवेदनात आपोआप शिरतात. ज्यांनी मुलीच्या शाळेसाठी तिच्यापासून सहा महिने लांब राहायचं ठरवलं, त्यांनाच आपण तिच्या दुःखाचं कारण करून टाकतो.

आता व्हिडिओचा मध्य. इथेच मोह सगळ्यात मोठा असतो. संध्याकाळी मुलांना आईवडिलांशी फोनवर बोलायला मिळतं. एकच फोन, मुलं बत्तीस, प्रत्येकाला तीन मिनिटं. कॅमेरावाल्याला माहीत असतं की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी रडणार. तो आधीच भिंग लावून बसतो. माझ्या संहितेत तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं: कॅमेरा दाराबाहेर. बोलण्याचा आवाज घ्यायचा नाही. तो संवाद मुलीचा आहे, तो तिच्याकडेच राहू द्यावा.

मग दाखवायचं काय? फोनच्या आधीचं. तीन मिनिटंच असतात, म्हणून मुलं काय सांगायचं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. मुलीला विचारून, तिने हो म्हटलं तरच ते पान घ्यायचं. त्यावर असं काही असेल:

‘१. गणितात वीसपैकी सतरा.
२. आजीचा पाय बरा.
३. धाकट्याचा दात पडला का विचारणे.
४. बैलाला काय घातलं.’

पान दहा सेकंद स्थिर. मागे संगीत नाही, रांगेतल्या मुलांचा गलका फक्त. शुद्धलेखन चुकलेलं असलं तर दुरुस्त करायचं नाही आणि अधोरेखितही करायचं नाही. हात दिसतात, पेन्सिल दिसते, चेहरा दिसायची गरज नाही. चौथा मुद्दा खोडून मुलगी त्याच्या वर ‘आई खोकते का’ असं लिहिते, तेव्हा विरहावर वेगळं वाक्य लागत नाही. पाहणाऱ्याला मुलगी बिचारी वाटत नाही. घराची काळजी वाहणारी, वेळेचा हिशेब ठेवणारी माणूस वाटते. गलबलून तर येतंच.

चेहरा न दाखवण्यामागे कायदाही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून उघड करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वसतिगृहातलं प्रत्येक मूल या व्याख्येत बसत नाही. पण निवेदनात ‘निराधार’, ‘बापाने सोडलेली’, ‘बालमजूर’ असे शब्द येऊ लागले, की आपण त्या व्याख्येच्या दारात उभे असतो आणि पाठीमागे शाळेचा फलक दिसत असतो. चेहरा झाकून गणवेशावरचं नाव तसंच ठेवणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. काळी पट्टीही मला पटत नाही. तिने मूल आरोपीसारखं दिसतं. पाठमोरं, दुरून, हातांपुरतं घ्यावं, किंवा वर्ग एकत्र दाखवावा.

शेवटची तीस सेकंदं मागणीची. इथे उलट चूक होते. इतकी हळुवार गोष्ट सांगितल्यावर लेखक पैशांचा आकडा उच्चारायला लाजतो आणि ‘आपला हातभार मोलाचा’ असं काहीतरी पुटपुटतो. आकडा ताठपणे सांगावा, तोही मावशीच्या ताटातूनच. समजा दिवसाच्या जेवण-नाश्त्याला ८० रुपये लागतात. १८० दिवसांचे १४,४०० झाले. अंथरूण, साबण, वह्यांचे २,०००. मावशी आणि रात्री थांबणाऱ्या बाईंच्या पगाराचा वाटा ५,६००. म्हणजे एका मुलाचा हंगाम २२,००० रुपयांत पार पडतो. पडद्यावर एक रिकामं ताट आणि मावशीचं वाक्य: ‘एक ताट, एक हंगाम, बावीस हजार. आठ ताटं अजून मांडायची आहेत.’ खाली करसवलतीच्या पावतीची माहिती. ‘तुम्हीच यांचे देव’ किंवा ‘तुमच्यामुळेच ती जगेल’ ही वाक्यं टाळायची. ती खोटी आहेत. तिला जगवायला तिचे आईवडील ऊस तोडतायत. देणगीदार ताटाचा खर्च उचलतो आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

इथे काय रिकामं आहे ते पाहा: ताट. मुलीचे डोळे नाहीत. सगळ्या संहितेत मी एवढंच शोधतो, की उणीव कशात दाखवली आहे. मुलाच्या अंगावर, चेहऱ्यावर दाखवली असेल, तर ती तिथून उचलून ताटावर, चटईवर, रिकाम्या वेळापत्रकावर ठेवता येते का? जवळजवळ नेहमी येते.

व्हिडिओ तयार झाल्यावर देणगीदारांना पाठवण्याआधी एक परीक्षा. हा व्हिडिओ शाळेच्या स्नेहसंमेलनात मोठ्या पडद्यावर लावता येईल का? पुढच्या रांगेत वडील, आजी, मावशी, वहीचं पान दिलेली मुलगी आणि तिच्या वर्गातली पोरं. ज्या चित्रापाशी कोणी खाली मान घालेल किंवा पोरं तिला चिडवतील, ते चित्र काढून टाकायचं. लग्नाचं वय झाल्यावर, नोकरीला लागल्यावर कोणीतरी तिचं नाव शोधेल, तेव्हाही हाच व्हिडिओ सापडणार आहे. म्हणून हंगाम संपल्यावर तिला पुन्हा विचारायचं आणि ती नको म्हणाली तर पान काढून नवी प्रत चढवायची. चित्रीकरणाच्या आधीच हे लिहून द्यावं आणि त्या कागदावर ‘होकार-नकाराचा मुलीच्या जागेशी संबंध नाही’ हे वाक्य तिच्या भाषेत असावं.

असा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात रडव्या व्हिडिओइतके पैसे आणेलच, असं वचन मी कुठल्याही संस्थेला देत नाही. एवढं सांगतो की चित्रीकरणाच्याच खर्चात एप्रिलसाठी अर्ध्या मिनिटाचा दुसरा तुकडा राखून ठेवा आणि ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाला तो पाठवा. त्यात निवेदन लागत नाही. तीच चूल, तेच हात. बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज, पळणारी पावलं. मावशी ताटं मांडते आणि मोजते: ‘पाच, सहा, सात.’ थांबते, एक उचलून चळतीवर परत ठेवते. ‘सहा.’