पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास द्यावयाचे शिक्षण

पोटावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जखम स्वच्छ असूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णास ताप येतो व धाप लागते, असा अनुभव शस्त्रक्रिया विभागात काम करणाऱ्या परिचारिकांना अनेकदा येतो. अशा वेळी दोष पुष्कळदा फुप्फुसांच्या तळाशी असतो. बरगड्यांखालील छेद श्वासाबरोबर दुखतो, म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो व खोकला दाबून धरतो. भुलीमुळे व उताणे पडून राहिल्यामुळे श्वासपटलाची हालचाल आधीच मंदावलेली असते. परिणामी फुप्फुसाच्या खालच्या भागातील वायुकोश मिटतात, कफ तेथेच साचतो आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो.

यावरील उपाय रुग्णाच्याच हाती असतो. पण तो शिकविण्याची वेळ शस्त्रक्रियेपूर्वीची आहे. वेदना व गुंगी यांनी ग्रासलेला मनुष्य नवी गोष्ट आत्मसात करू शकत नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ४४१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वी केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत, पुस्तिकेबरोबर भौतिकोपचारतज्ज्ञाकडून अर्ध्या तासाचे एक प्रत्यक्ष शिक्षण मिळालेल्या रुग्णांमध्ये फुप्फुसाचे विकार सुमारे निम्म्याने कमी आढळले.

उदाहरणादाखल, जठराच्या गाठीसाठी दाखल झालेला, विडी ओढणारा ५५ वर्षांचा एक शेतकरी घेऊ. विडी बंद करण्यास त्याला पहिल्या भेटीतच सांगितले पाहिजे. या सवयीपासून जितके आठवडे आधी सुटका होईल तितके बरे. त्यानंतर घरच्या एका माणसास जवळ बसवून शिक्षणास आरंभ करावा.

प्रथम श्वासाचा व्यायाम. रुग्णास पाठीला आधार देऊन, गुडघे किंचित वाकवून बसवावे व त्याचा हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेताना हात वर उचलला गेला पाहिजे. श्वास दोन-तीन सेकंद रोखून तोंडाने हळूहळू सोडावा. असे दहा श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा दहा श्वास आणि शेवटी तीन वेळा खोकला, हा क्रम जागेपणी दर तासाला करावयाचा असतो. चक्कर आल्यास श्वास फार घाईने घेतला जात आहे असे समजून थांबावे.

खोकताना टाके उसवतील ही भीती बहुतेकांच्या मनात असते. यासाठी घडी केलेली चादर अथवा छोटी उशी छेदावर दोन्ही हातांनी घट्ट धरून खोकण्यास शिकवावे. आधारामुळे वेदना कमी होते.

नंतर उठण्याची रीत दाखवावी. उताण्या स्थितीतून एकदम उठून न बसता प्रथम कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपराचा रेटा देऊन बसावे. समजले का, असे विचारून भागत नाही. रुग्णाने प्रत्येक कृती स्वतः करून दाखविली पाहिजे व तशी नोंद व्हावी.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच व्यायाम सुरू करावेत. डॉक्टरांची अनुमती असल्यास दुसऱ्याच दिवशी रुग्णास उठवावे. वेदनाशामक औषधाचा परिणाम सुरू झाल्यावर त्याला पलंगाच्या कडेवर बसवून काही मिनिटे थांबावे. घेरी येत नाही व नाडी स्थिर आहे याची खात्री झाल्यावर उभे करावे आणि दोघांच्या आधाराने काही पावले चालवावे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच राहावी व निचऱ्याची नळी ताणली जाऊ नये. पुढे दररोज अंतर वाढवीत न्यावे.

आता समजा, दुसऱ्या दिवशी सकाळी या शेतकऱ्यास १००.६ अंश फॅरनहाइट ताप आहे व श्वासाची गती मिनिटाला २६ आहे. विचारपूस करता वेदनाशामक औषधाची मात्रा चुकल्याचे व आदल्या सायंकाळपासून त्याने व्यायाम न केल्याचे कळते. डॉक्टरांना लगेच कळवावे. तपासणीत फुप्फुसाच्या तळाशी श्वासाचा आवाज मंद आढळतो. औषध देऊन, अर्ध्या तासाने त्याला बसवून व्यायाम करविल्यावर तो घट्ट कफ बाहेर टाकतो आणि सायंकाळपर्यंत गती २० वर येते. मात्र गती उतरली नाही, कफ पिवळा-हिरवा झाला, ओठ निळसर दिसले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर व्यायामावर विसंबून राहू नये. एका पोटरीस सूज व वेदना असल्यास रुग्णास चालविण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. जखमेतून अकस्मात गुलाबी पाणी वाहू लागल्यास टाके आतून सुटत असल्याचा संभव असतो. रुग्णास तत्काळ झोपवून जखम सलाइनने भिजविलेल्या निर्जंतुक कापडाने झाकावी व शल्यचिकित्सकांस बोलवावे.

घरी जाताना हेच व्यायाम व चालणे पुढे चालू ठेवण्यास सांगावे आणि वरील लक्षणे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसाकडूनही एकदा वदवून घ्यावीत.