सोल्यांवर बर्फ चढला? टाकू नका, आधी पिशवी हलवून बघा

हिवाळ्यात तुरीच्या शेंगा स्वस्त झाल्या की आमच्या डोणगावात सोले सोलून फ्रीजरमध्ये भरून ठेवायचे, उन्हाळ्यात काढायचे. मेमध्ये पिशवी उघडली की दाण्यांवर पांढरे चट्टे! हा ना बुरशीचा प्रकार, ना विषाचा. दाण्यातला बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन उडतो आणि तेवढी जागा कोरडीठाक पडते. पोटाला धोका नाही, फक्त चव जाते. असे सोले भातात चामट लागतात. वाटून आमटीत घाला, कुणाला कळणारही नाही.

मग पिशवीतला बर्फ कुठून आला? बहुतेक दाण्यांतूनच! फ्रीजर उणे 18 अंशांवर स्थिर राहिला तर तो कमी जमतो. पण आपल्याकडे लाईट जाते-येते, पोरं दार उघडून कुल्फी शोधतात. प्रत्येक चढउताराला दाण्यातलं थोडं पाणी बाहेर येतं आणि पिशवीच्या आतून गोठतं.

आता पिशवी हलवा. दाणे खुळखुळले, वर नुसती भुरभुर असली तर बिनधास्त शिजवा. पण सगळ्याचा एकच दगड झाला असेल आणि तळाशी हिरवट पाणी गोठलं असेल, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलाय. किती वेळ वितळलेला होता, हे पिशवी सांगत नाही. त्यासाठी गावाला जाण्याआधी वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपया ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. गावाहून परत आल्यावर रुपया तळाशी दिसला तर सोल्यांचा मोह सोडा. दार बंद असेल तर गच्च भरलेला फ्रीजर लाईट गेल्यावरही सुमारे 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास.

रंग उडाला? कच्चेच भरलेले सोले फिकट पडतात आणि त्यांना वाळल्या गवताचा वास येतो, कारण दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. भरण्याआधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात टाकले की ती थांबतात. रंग उडालेले सोलेही खाता येतात. चिंच-टोमॅटो मात्र शेवटी घाला, आंबटाने हिरवा रंग खाकी होतो.

फ्रीजरमधला सीताफळाचा गर काळपट पडतो तो हवेमुळे. लिंबाचे चार थेंब आधीच घातले तर कमी काळा पडतो. तो मात्र शिजवू नका. तापवला की गर कडवट होतो. थंड रबडीतच मिसळा.

सोले वितळवत बसू नका, गोठलेलेच गरम फोडणीत टाका. आणि फ्रीजरमधला दाणा कोशिंबिरीत कच्चा घालू नका: थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात.