आजीचं ‘आलेच’ आणि नातवाचं ‘खाल्लो’

न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात पुरण शिजतंय. नातू चमचाभर चाखून म्हणतो, “मी पुरण खाल्लो.”

“खाल्लो नाही रे, खाल्लं,” आजी पळी फिरवत म्हणते. “पुरण खाल्लं, पोळी खाल्ली, लाडू खाल्ला.”

अशा गोष्टीतली गंमत या देवाणघेवाणीत असते. भूतकाळात सकर्मक क्रियापद बहुधा कर्त्यामागे न जाता कर्मामागे जातं. इंग्रजीत वाढलेला नातू मात्र ‘मी गेलो’सारखंच ‘मी खाल्लो’ करतो. नियम कळल्यावर तो जोमाने सांगतो, “मी जायफळ विसरलं!” आजी पुन्हा थांबवते, “विसरलो!” विसरणं, शिकणं अशी काही क्रियापदं सकर्मक असूनही कर्त्याचंच ऐकतात. चूक बदलली, म्हणजे पोरगा नियम लावायला शिकला.

तेवढ्यात बेल वाजते. “आलेच!” आजी ओरडते. पुरणात उभी केलेली पळी अजून कलंडतेय, म्हणून ती हलत मात्र नाही.

आता पाळी नातवाची. “आजी, तू इथेच आहेस. ‘येईन’ म्हण.”

व्याकरणाने त्याचा मुद्दा बिनतोड आहे, पण बोलीत आजी बरोबर आहे. लगेच होणारी गोष्ट आपण झाल्यासारखी सांगतो. मात्र ही सवलत क्षणभराचीच. ‘उद्या आलेच’ म्हटलं तर कानाला खटकतं. तिथे ‘येते’ किंवा ‘येईन’ हवं.