स्नेहसंमेलनाची लिंक

स्नेहसंमेलन झालं आणि दोन दिवसांत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली. खाली बदाम आणि टाळ्यांचा पाऊस. मीही लेकीचे कोळीनृत्याचे फोटो उतरवून घेतले. मग सहज तीच लिंक ब्राउझरच्या Incognito खिडकीत उघडली, म्हणजे कुठल्याही खात्यात लॉगिन न करता. सगळा फोल्डर उघडला. मेकअपच्या खोलीतल्या, अर्धवट कपडे बदललेल्या मुलींचे फोटोही त्यात होते.

याचा अर्थ फोल्डरचं सेटिंग Restricted नसून Anyone with the link होतं. लिंक ज्याच्या हाती लागेल, त्याला फोटो बघता येतात. तपशिलात मालक म्हणून शाळेचं नाव नव्हतं, फोटोग्राफरचं खासगी खातं होतं. म्हणजे फोटो पुसायचे म्हटले तरी शाळेला त्यालाच विनवावं लागणार.

तक्रारीचा सूर लागला की शाळा बचावाला उभी राहते, म्हणून मुख्याध्यापिका बाईंना पत्र लिहिताना मी नुसते प्रश्न विचारले. ‘फोटो सुरक्षित आहेत ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं, म्हणून तो टाळला. पत्रातला मुख्य भाग असा होता:

‘फोटो कोणाच्या खात्यात आहेत, आणि ती व्यक्ती काम सोडून गेली तर ते कोणाकडे राहतील? लिंक फक्त पालकांच्या ईमेलपुरती ठेवता येईल का, आणि ती कधी बंद होईल? शाळेच्या फेसबुक पानावर फोटोखाली मुलांचं पूर्ण नाव आणि इयत्ता का लिहिली जाते? एखाद्या पालकाने फोटो काढायला सांगितलं, तर कोण काढेल आणि किती दिवसांत?’

नाव-इयत्तेचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चेहरा, नाव, वर्ग आणि गणवेशावरचं बोधचिन्ह एकत्र आलं की ही मुलगी रोज कोणत्या फाटकातून बाहेर पडते, हे परक्या माणसालाही कळतं.

प्रवेशअर्जात ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ अशी ओळ असते, आणि आपण न वाचता सही करतो. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक कारणापुरती हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले. संमतीची कलमं लागू व्हायला त्यात 18 महिन्यांची मुदत आहे. म्हणून मी पत्रात कायद्याचा धाक घातला नाही. फक्त दोन वेगळ्या चौकटी सुचवल्या: एक पालकांना फोटो देण्यासाठी, दुसरी जाहिरातीसाठी.

बाईंनी चार दिवसांनी फोन केला. मेकअपच्या खोलीतले फोटो काढले होते, लिंकही बंद केली होती. ज्यांनी आधीच उतरवून घेतले, त्यांच्या फोनमधले फोटो मात्र कोणालाच पुसता येणार नव्हते. माझ्या फोनमध्येही लेकीबरोबर नाचणाऱ्या अकरा मुली होत्या.