क्षयाच्या गोळ्या चालू असताना माला-एन का पुरत नाही

वाणगावच्या आसपासच्या पाड्यांवर फिरताना एक समजूत वारंवार कानावर येते. कसलीही अँटिबायोटिक सुरू झाली की पाळणा लांबवण्याची गोळी काम करत नाही, असे बायका सांगतात. म्हणून दाढदुखीसाठी पाच दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या तरी कोणी माला-एनचे पाकीट मध्येच सोडून देते. आणि ज्या औषधाने खरोखरच गोळीचा जोर जातो, ते सहा महिने चालू असताना मात्र त्याच पाकिटावर सगळी भिस्त ठेवली जाते.

आधी समजुतीचे पाहू. अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल या नेहमीच्या औषधांनी गोळीचा परिणाम कमी होत नाही. आतड्यातले जंतू मेले की गोळीतले संप्रेरक नीट शोषले जात नाही, असे पूर्वी डॉक्टरही मानत. तपासण्यांत ते टिकले नाही आणि ब्रिटनमध्ये तर २०११ साली जादा काळजीची ती सूचनाच काढून टाकली गेली. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली किंवा जोराचे जुलाब दिवसभर चालले, तर मात्र गोळी चुकल्यासारखेच धरावे. तो दोष औषधाचा नाही, गोळी पोटात न टिकल्याचा आहे.

रिफॅम्पिसिनची गोष्ट निराळी. क्षयरोगाच्या उपचारातले हे मुख्य औषध. माला-एनच्या पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरके फार थोड्या मात्रेत असतात, एक ०.१५ मिलिग्रॅम आणि दुसरे ०.०३ मिलिग्रॅम. शरीरातली अशी द्रव्ये मोडून बाहेर टाकण्याचे काम यकृत करते. रिफॅम्पिसिन यकृताला हे काम कितीतरी वेगाने करायला लावते. त्यामुळे सकाळी घेतलेल्या गोळीतले संप्रेरक दुसरी गोळी घेण्याच्या बरेच आधी उरेनासे होते. १९७० नंतर जर्मनीतल्या क्षयरोग डॉक्टरांच्या हे प्रथम ध्यानात आले. गोळी घेणाऱ्या रुग्ण स्त्रियांना मधूनच रक्तस्राव होत होता आणि काहींना दिवस गेले होते.

आपल्या औषधात रिफॅम्पिसिन आहे का, हे ओळखणे सोपे आहे. लघवी नारिंगी-तांबडी होते. ते रक्त नव्हे, घाबरू नये. दुसरी खूण माला-एनच्या पाकिटातच सापडते. त्यात २१ पांढऱ्या गोळ्या आणि लोहाच्या सात तपकिरी गोळ्या असतात, पाळी तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत यायची. पांढऱ्या गोळ्या चालू असतानाच अंगावर जाऊ लागले तर संप्रेरक कमी पडत असावे. पण अंगावर गेले नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असेही समजू नये.

समजा, ४२ किलो वजनाच्या एका बाईचा उपचार १ जूनला सुरू झाला. तिला रोज तीन एकत्रित गोळ्या मिळतात, म्हणजे ४५० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन. १६८ दिवसांचा उपचार १५ नोव्हेंबरला संपतो. यकृताचा वाढलेला वेग मात्र त्याच दिवशी उतरत नाही, म्हणून आणखी २८ दिवस धरायचे. ते १३ डिसेंबरला पुरे होतात. म्हणजे फक्त माला-एनवर विसंबायचे ते १४ डिसेंबरपासून. मध्ये खाडे पडून किंवा डॉक्टरांनी वाढवल्यामुळे उपचार लांबला, तर शेवटच्या गोळीच्या तारखेपासून पुन्हा २८ दिवस मोजावेत. आमच्याकडची अडचण इथेच येते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर निघतात, गोळ्या संपल्या म्हणून बाई मोकळी होते, आणि तो उरलेला महिना भट्टीवरच जातो. निघण्यापूर्वीच निरोध सोबत बांधून घ्यावेत.

या काळात वापरायचे काय? दर तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन रिफॅम्पिसिनसोबत चालते, मात्र तारीख चुकवू नये. तांबीही चालते, कारण तिचे काम यकृतावर अवलंबून नाही. गर्भाशयाचा किंवा ओटीपोटाचा क्षय असेल तर मात्र तांबी बसवत नाहीत. निरोध वापरायचा तर दर वेळी वापरावा लागतो, आणि ते नवऱ्याशी बोलल्याशिवाय होत नाही. संबंधानंतर घ्यायची आपत्कालीन गोळीही याच कारणाने कमजोर पडते. माला-एनच्या दोन-दोन गोळ्या घेऊन भरपाई करण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो मनाने करू नये.

घरातल्या इतरांना प्रतिबंधक म्हणून आठवड्यातून एकदा, १२ आठवडे गोळ्या देतात. त्यात रिफापेंटिन असते, ते रिफॅम्पिसिनचेच भावंड. सुना-मुली आजारी नसतात, म्हणून त्यांना हे कोणी विचारत नाही. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. फक्त आयसोनियाझिड मिळत असेल तर नाही.

तरीही दिवस गेलेच, तर क्षयाच्या गोळ्या आपणहून बंद करू नयेत. नेहमीच्या चार औषधांचा उपचार गरोदरपणातही चालू ठेवतात. अर्धवट सोडलेला क्षय आई आणि बाळ दोघांनाही अधिक घातक ठरतो. त्याच आठवड्यात आशाताईला सांगून डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना क्षयाच्या व माला-एनच्या दोन्ही पट्ट्या सोबत न्याव्यात.