रुजू होण्याची तारीख बदलते तेव्हा

२०२५ सालच्या जून महिन्यातील पहिल्या सोमवारची गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आमची भाची इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, पुण्याची नोकरी हातची जाणार बहुधा."

आम्ही चकित झालो. तीनच दिवसांपूर्वी, म्हणजे शुक्रवारी, याच मुलीने पेढे आणायचे की नाही याची चर्चा चालविली होती. पुण्यातील एका कंपनीसाठी तिच्या दोन मुलाखती झाल्या होत्या. रिक्रूटरबाईंनी फोन करून कळविले होते की, दोन्ही मुलाखती घेणाऱ्यांचे मत उत्तम पडले आहे. येत्या गुरुवारी, ५ जूनला, विभागप्रमुखांशी शेवटची भेट व्हावयाची, आणि ती नीट पार पडली तर ९ तारखेला नेमणुकीचे पत्र. रिक्रूटर म्हणजे कंपनीसाठी माणसे शोधून देणारी व्यक्ती. ती कधी कंपनीच्याच नोकरीत असते, कधी एखाद्या सल्लागार संस्थेत. या बाई दुसऱ्या प्रकारातल्या होत्या आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

अडचण अशी झाली. पहिल्याच फोनवर बाईंनी विचारले होते, "रुजू व्हायला किती दिवस लागतील?" भाचीच्या सध्याच्या नेमणूकपत्रात नव्वद दिवसांची नोटीस लिहिलेली आहे, परंतु तिच्या कचेरीत आजवर मंडळींना तीस दिवसांतच मोकळे करीत असत. त्या रूढीच्या भरवशावर तिने "तीस दिवस" असे उत्तर दिले. आणि आता सोमवारी परिपत्रक निघाले की, हाती असलेले मोठे काम ३१ जुलैला ग्राहकाच्या हवाली होईपर्यंत कोणासही मुदतीआधी मोकळे केले जाणार नाही. तीसाचे एकदम नव्वद झाले.

घरात लगेच दोन पक्ष पडले. आमच्या ताईचे, म्हणजे तिच्या आईचे, म्हणणे असे की, कागद हातात पडेपर्यंत या विषयावर चकार शब्द काढू नये. मेहुण्यांना वाटत होते की, तिने आपणहून माघार घ्यावी, म्हणजे निदान शब्द तरी राहील. आमची उमेदीची वर्षे एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूस, गेली. म्हणून दोघांनीही आमच्याकडे पाहिले. आम्हांस दोन्ही सल्ले चुकीचे वाटले.

टेबलाच्या पलीकडे काय चालते ते सांगितले पाहिजे. उमेदवाराविषयी "मत चांगले आहे" असे जेव्हा कळविले जाते, तेव्हा ती अजून नेमणूक नसते. रिक्रूटरच्या तक्त्यात त्या एका जागेसमोर बहुधा तीन-चार नावे असतात, आणि प्रत्येक नावापुढे अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षा व रुजू होण्याची मुदत असे रकाने. विभागप्रमुख आपल्या कामाची आखणी त्या शेवटच्या रकान्यावरून करतो. तो रकाना बदलला म्हणून नाव लगेच खोडले जाते असे नाही. खोडले जाते ते बहुधा तो रकाना रिकामा पडला म्हणून. "मला जरा उशीर होईल, किती ते सांगता येत नाही" असे कळविणाऱ्या उमेदवाराचे काय करावे हे कोणालाच उमगत नाही आणि मग खालचे नाव वर सरकते.

लपविण्याचा परिणाम आम्ही स्वतः पाहिला आहे. आमच्या कारखान्यात एका पर्यवेक्षकाच्या जागेसाठी एक हुशार गृहस्थ निवडले गेले. नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावर त्यांनी कळविले की, एक महिना नव्हे, तीन महिने लागतील; आणि ही गोष्ट त्यांना मुलाखतीपूर्वीच ठाऊक होती, हेही ओघात सांगून टाकले. आमच्या वरिष्ठांनी पत्र परत घेतले. तीन महिने थांबण्यास ते कदाचित तयार झालेही असते. पण आपणांस अंधारात ठेवले गेले, ही गोष्ट त्यांना मानवली नाही.

तेव्हा कळवायचे तर शेवटच्या मुलाखतीच्या आधी, आणि नवी तारीख हातात घेऊनच. ती तारीख काढण्यास आम्ही दोघे बसलो.

नेमणुकीचे पत्र ९ जूनला आले आणि तिने त्याच दिवशी राजीनामा दिला असे धरले, तर नव्वद दिवस ७ सप्टेंबरला पुरे होतात. तो रविवार, म्हणजे सोमवार, ८ सप्टेंबर ही रुजू होण्याची पक्की तारीख. याहून उशीर होण्याचे कारण नाही. आता अलीकडे किती येता येईल? परिपत्रकातील बंदी ३१ जुलैपर्यंतची. राजीनाम्यापासून साठ दिवस ८ ऑगस्टला, शुक्रवारी, भरतात. काम वेळेवर हवाली झाले आणि कचेरीने उरलेले तीस दिवस सोडले, तर सोमवार, ११ ऑगस्टला रुजू होता येईल.

हे तीस दिवस सोडविण्यासाठी पैसे भरण्याची सोय असते. तिच्या नेमणूकपत्रातील ते कलम आम्ही चष्मा पुसून दोनदा वाचले. मूळ वेतन महिना तीस हजार रुपये, तेव्हा तीस दिवसांचे तीस हजार. पण कलमाच्या शेवटी तीन शब्द होते : "व्यवस्थापनाच्या संमतीने केवळ". ज्या पत्रात "नोटीस अथवा तितक्या दिवसांचे वेतन" एवढेच असते, तेथे पैसे भरून निघण्याची वाट कर्मचाऱ्याच्या हाती बरीच मोकळी असते. हे तीन शब्द आले की ती किल्ली मालकाच्या खिशात जाते. शिवाय काही ठिकाणी हिशेब मूळ वेतनावर न करता संपूर्ण पगारावर करतात. म्हणून ११ ऑगस्ट ही शक्य तारीख ठरली, वचन देण्याजोगी नव्हे. वरिष्ठांना आत्ताच विचारावे, असे तिच्या मनात आले. आम्ही म्हटले, "अगं, पत्र हाती नसताना विचारशील तर हीही नोकरी डळमळेल आणि तीही मिळायची राहील."

मंगळवारी सकाळी तिने आधी फोन केला. बातमी नकोशी असेल तर ती प्रथम आवाजातून कळावी आणि लगोलग कागदावर यावी, हे बरे. फोनवर बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आत्ता काही लिहू नका. गुरुवार पार पडू दे, तोवर तीसच राहू द्या."

येथे तो फरक आला. सल्लागार संस्थेला तिचा मोबदला सामान्यतः उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतो. माणूस थोडक्या काळात सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो किंवा रक्कम परत करावी लागते, असेही करार असतात. त्यामुळे बाईंना हे नाव तक्त्यात टिकवायचेच होते आणि त्या भाचीच्या वैरी मुळीच नव्हत्या. परंतु गोष्ट नंतर उघडकीस आली असती तर बोल भाचीला लागला असता, बाईंना नव्हे. तिने शांतपणे सांगितले, "मॅडम, विभागप्रमुखांना हे कसे सांगायचे ते आपण ठरवा, पण भेटीपूर्वी त्यांना कळावे अशी माझी विनंती आहे. मी आपल्याला आत्ताच लिहून पाठवते."

पत्र इंग्रजीत गेले. गुरुवारच्या भेटीची वेळ कळविणारे जे ई-मेल आले होते, त्यालाच उत्तर म्हणून ते पाठविले, म्हणजे आधीचा सारा पत्रव्यवहार खाली जोडलेला राहतो. त्याचा आशय असा होता :

"शुक्रवारी कळविलेल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहे. मी पूर्वी तीस दिवसांत रुजू होईन असे सांगितले होते. त्यात बदल झाला आहे. काल आमच्या कंपनीने ३१ जुलैपर्यंत कोणासही मुदतीआधी मोकळे न करण्याचे ठरविले आहे. नेमणुकीचे पत्र ९ जूनपर्यंत मिळाल्यास मी सोमवार, ८ सप्टेंबरला निश्चित रुजू होईन. उरलेल्या दिवसांचे वेतन भरून ११ ऑगस्टला येण्याचा मी प्रयत्न करीन. मात्र त्यास कंपनीची संमती लागेल. गुरुवारी ठरल्या वेळी मी हजर आहेच. ही मुदत विभागास चालण्यासारखी आहे का, हे कृपया कळवावे."

पहिल्या मसुद्यात क्षमायाचनेचा एक मोठा परिच्छेद होता आणि कचेरीतील कामाचे वर्णनही होते. तो आम्ही काढविला. असली पत्रे पुढे पाठविली जातात. वाचणाऱ्यास जुनी मुदत, नवी मुदत आणि तिचे कारण एवढेच हवे असते. सध्याच्या कंपनीच्या ग्राहकाचे नाव तर कदापि येता कामा नये. तिने विभागप्रमुखांनाही परस्पर प्रत पाठवू का, असे विचारले. आम्ही नको म्हटले. मध्यस्थाला वळसा घातला की तो मध्यस्थ आपला राहत नाही.

मंगळवार तसाच गेला. ताईंनी दोनदा "मी म्हटले नव्हते?" असे ऐकविले. आम्ही भाचीला एकच गोष्ट पाहण्यास सांगितली : गुरुवारच्या भेटीचे निमंत्रण मोबाइलच्या दिनदर्शिकेत आहे की रद्द झाले आहे. ते होते. बुधवारी दुपारी बाईंनी नेमणूकपत्राची आणि तीन महिन्यांच्या पगारपत्रकांची प्रत मागितली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. जिचे नाव बाजूला ठेवायचे आहे तिच्याकडे कोणी पगारपत्रके मागत नाही. "बघून कळवितो" एवढेच उत्तर येऊन भेट पुढे ढकलली गेली असती, तर चिन्ह वेगळे होते. तसे झाल्यास तीन-चार कामाच्या दिवसांनी एकदा विचारावे, रोज नव्हे. आणि काही जागा खरोखरच थांबू शकत नाहीत. ग्राहकाचे काम जुलैतच सुरू व्हायचे असेल तर दुसऱ्या उमेदवारास घेण्यात अन्याय काहीच नाही. अशा वेळी त्याच विभागातील पुढील जागेसाठी आपली मुलाखत ग्राह्य धरता येईल का, एवढे विचारून ठेवता येते.

गुरुवारी विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच विचारले, "तुमची तारीख बदलली म्हणे?" भाचीने दोन वाक्यांत दोन्ही तारखा सांगितल्या. ते म्हणाले, "ऑगस्ट मध्यापर्यंत मी निभावून नेईन. सप्टेंबर झाला तर मात्र मला आधी कळले पाहिजे." मग मुलाखत तिच्या कामाकडे वळली.

पत्र ९ जूनला न येता ११ जूनला, बुधवारी आले. म्हणजे आमचा सारा हिशेब दोन दिवसांनी पुढे सरकला. पत्रात रुजू होण्याची तारीख १८ ऑगस्ट होती आणि त्या तारखेस हजर न झाल्यास पत्र रद्द समजावे, असे कलमही होते. तिने सही केली नाही. बाईंना कळविले की, कंपनीची संमती अद्याप मिळालेली नाही. तेव्हा "अथवा संमती न मिळाल्यास १० सप्टेंबर" असे शब्द घालून पत्र द्यावे. त्याच दिवशी दुरुस्त पत्र आले. त्यावर सही करून मगच तिने राजीनामा दिला.

संमती जुलैच्या अखेरीस मिळाली. त्याच संध्याकाळी तिने बाईंना एका ओळीचे ई-मेल पाठविले : "१८ ऑगस्ट निश्चित." त्या रविवारी ताईंनी पेढे आणले, आणि गणपती यंदा इंदूरला की पुण्याला, यावर वाद सुरू झाला.